रात्री आठ वाजता ते अंडं कुठे होतं?

*आम्ही मढच्या कोळीवाड्यात राहतो. मागच्या पडवीत तपकिरी अंडी देणाऱ्या चार ग्रामप्रिया कोंबड्या आहेत. गेल्या रविवारी गल्लीत हळद होती, संध्याकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत डीजे. सोमवारी सकाळी उजाडताना खुराड्यात बसायच्या काठीखाली बिनकवचाचं अंडं पडलेलं दिसलं. हातात घेतलं तर पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं, पण वरून किंचित रवाळ. ती कोंबडी एरवी सकाळी नऊच्या सुमारास डब्यात अंडं देते. दुसरी दहाला देते, तिने दुपारी दोनला दिलं आणि त्यावर खडूसारखी पांढरी भुकटी होती. शिवाय महिनाभर चौघींच्याच अंड्यांचं कवच पातळ वाटतंय. खायला अर्धं लेअर फीड आणि अर्धी तांदळाची कणी देते. सासूबाई म्हणतात नजर लागली, शेजारी म्हणतात कॅल्शियमच्या गोळ्या द्या. मला एवढंच कळत नाही की रात्रीच्या आवाजाने सकाळचं अंडं कसं बिघडेल? तोवर ते आत तयारच असणार ना?*
*— एक वाचक, मढ*

ताई, तयार नसतं. तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर याच दोन शब्दांत आहे. सकाळी नऊला मिळणाऱ्या अंड्याचं कवच आदल्या संध्याकाळी जेमतेम सुरू झालेलं असतं आणि रात्रभर चढत राहतं. तुमच्या गल्लीत डीजे सुरू झाला तेव्हा कोंबडीच्या पोटात बांधकाम नुकतंच वेग घेत होतं. ते रवाळपण तुम्ही आवर्जून लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण त्यावरून वेळेचा अंदाज बांधता येतो. आपण घड्याळ उलटं फिरवू आणि रविवारच्या सकाळपासून त्या एका अंड्यामागे चालत जाऊ.

त्याआधी बलकाचं सांगतो, कारण एका दिवसाच्या हिशेबात तो बसत नाही. अंडं एका दिवसात होतं असं आपण म्हणतो, पण बलक आधीच्या आठ-दहा दिवसांत भरत आलेला असतो. त्यातली चरबी आणि प्रथिनं कोंबडीच्या यकृतात तयार होतात, रक्तातून बीजकोशात पोचतात आणि थरावर थर चढत जातात. कोंबडीच्या शरीरात सहसा डाव्या बाजूचाच बीजकोश आणि डावीचीच अंडनलिका कामाची असते. त्या बीजकोशात एका वेळी पाच-सहा पिवळे गोळे लहानमोठ्या मापांचे लटकत असतात, उद्याचा सगळ्यात मोठा, परवाचा त्याहून लहान. कापलेल्या कोंबडीच्या पोटात हा घोस निघतो, तुम्ही तो पाहिलाच असेल. बलकाचा रंग खाण्यातून येतो. मका आणि हिरवा पाला जास्त असेल तर गडद, कणी जास्त असेल तर फिका. तुमच्या अंड्यांचा बलक हल्ली फिका पडला असेल, तर कारण तेच.

आता रविवार. रोजच्या वेळेने, म्हणजे नऊला अंडं यायचं असेल, तर त्याचा बलक आदल्या दिवशी सकाळी आठच्या आसपास सुटलेला असणार, कारण बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण पंचवीस तास लागतात. बलकाच्या पिशवीवर एक पट्टा असतो, तिथे रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. पिशवी तिथेच उलते. कधी ती थोडी बाजूला फाटते आणि एखादी बारीक रक्तवाहिनी तुटते, मग अंडं फोडल्यावर बलकावर लाल ठिपका दिसतो. पुष्कळ लोक तो पाहून अंडं टाकून देतात, त्यात कोंबडीचं पिल्लू सुरू झालंय असं समजून. तसं काही नसतं. चमच्याच्या टोकाने ठिपका काढा आणि अंडं खा.

सुटलेला बलक अंडनलिकेचं नरसाळ्यासारखं तोंड झेलतं. तिथे तो पाव ते अर्धा तासच असतो. कोंबडा असेल तर फळण्याचं काम एवढ्या वेळात आणि इथेच होतं, कारण पुढे बलकावर पांढऱ्याचं वेष्टण चढलं की शुक्राणूंना वाट उरत नाही. कोंबडा नसला तरी बलक थांबून राहत नाही, पुढचं सगळं तसंच घडतं. त्यामुळे तुमच्या खुराड्यात कोंबडा नाही म्हणून अंडी कमकुवत, असं कोणी म्हणालं तर सोडून द्या.

सव्वाआठ-साडेआठला बलक नळीच्या सगळ्यात लांब भागात शिरतो. हा भाग वीतभराहून बराच लांब, दीडेक वितीचा असतो, आणि तिथे तीन तास जातात. इथे पांढरं चढतं. नळीच्या आतल्या वळ्या पेचासारख्या आहेत, त्यामुळे बलक पुढे सरकताना गरगरत जातो. या फिरण्यामुळे पांढऱ्याचे काही धागे बलकाच्या दोन्ही टोकांना पीळ पडून दोऱ्या होतात. कच्चं अंडं वाटीत फोडल्यावर बलकाला चिकटलेली पांढरी गाठ दिसते ना, ती त्या दोरीची. अनेकजण ती काढून फेकतात. तिचं काम बलकाला मधोमध टांगून ठेवण्याचं. बलकात चरबी असल्याने तो पांढऱ्यापेक्षा हलका, वर तरंगायला बघतो. दोऱ्या नसत्या तर अंडं पडून राहिल्यावर बलक कवचाला जाऊन चिकटला असता. दोरी ठसठशीत दिसली तर अंडं ताजं आहे असं समजावं, शिळ्या अंड्यात ती विरत जाते.

पांढऱ्याकडे आपण आमलेटच्या नजरेने बघतो, पण कोंबडीच्या दृष्टीने तो खंदक आहे. मधला घट्ट थर आणि त्याच्या आतबाहेर पातळ थर अशी त्याची रचना. जंतू कवचातून आत शिरला तरी या चिकट पाण्यातून बलकापर्यंत पोहत जाणं त्याला जड जातं. त्यातलं लायसोझाइम नावाचं प्रथिन काही जंतूंच्या भिंती फोडतं. दुसरं एक प्रथिन लोह धरून ठेवतं, त्यामुळे जंतूला वाढायला लोहच मिळत नाही. बलकात खाण्यासारखं सगळं आहे आणि पांढऱ्यात फार काही नाही, हा योगायोग नाही.

साडेअकराच्या सुमारास अंडं, म्हणजे तोवर बलक आणि दाट पांढऱ्याचा गोळा, नळीच्या अरुंद भागात येतं. तिथे तासभर, फार तर सव्वा तास. या वेळात दोन पापुद्रे विणले जातात. विणले जातात हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली ते खरोखर गुंतलेल्या तंतूंचं कापड दिसतं. उकडलेलं अंडं सोलताना कवचाला चिकटून येतो तो हाच पापुद्रा. सोमवारी सकाळी तुम्ही हातात धरला तो फुगा म्हणजे या दोन पापुद्र्यांची पिशवी होती. एवढा पातळ पदार्थ, दोन्ही मिळून मिलिमीटरचा दहावा भागही नाही, पण अख्खं अंडं पेलून धरतो.

या पापुद्र्याशिवाय कवच होत नाही, कारण कवच त्याच्यावरच उभं राहतं. बाहेरच्या पापुद्र्यावर ठिकठिकाणी बारीक गुठळ्या बसतात, घराच्या पायात घातलेल्या दगडांसारख्या. पुढे चुन्याचे स्फटिक या गुठळ्यांवरून वाढू लागतात. गुठळ्या विरळ असल्या किंवा नीट बसल्या नाहीत, तर वरचं कवच कितीही जाड झालं तरी कच्चंच राहतं.

रविवारी दुपारी बाराच्या पुढे, एक वाजायच्या आत, तुमच्या कोंबडीचं अंडं कवच चढवणाऱ्या पिशवीत पोचलं. पंचवीस तासांपैकी अठरा-वीस तास अंडं इथेच असतं. पण पहिले पाचेक तास कवच फारसं चढत नाही. त्या वेळात पांढऱ्यात पाणी आणि क्षार भरतात. पांढरं आत येतं तेव्हा ते शेवटच्या मापाच्या निम्मंच असतं. पाणी शिरल्यावर ढिला पापुद्रा ताणून गोल होतो आणि अंड्याला आपला आकार येतो. फुगा आधी फुगवायचा आणि मग त्यावर कागद चिकटवायचा, तसाच क्रम. हाच काळ चुकला तर सुरकुतलेलं अंडं येतं. त्याच्याकडे आपण पुढे परत येऊ.

कवच वेगाने चढायला लागतं ते संध्याकाळी सहाच्या सुमारास. पंचावन्न ग्रॅमच्या अंड्याचं कवच पाच-साडेपाच ग्रॅम भरतं आणि ते चौदा-पंधरा तासांत चढायचं असतं, म्हणजे तासाला एक तृतीयांश ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. सातला डीजे सुरू झाला. नऊ वाजेपर्यंत त्या अंड्यावर फार तर ग्रॅमभर चुना बसला असेल. तेवढ्याने कवच होत नाही, पापुद्र्यावर वाळू शिंपडल्यासारखं लागतं. तुमच्या हाताला लागला तो रवा हाच. अंडं अगदी गुळगुळीत असतं, तर मी म्हटलं असतं की ते सहाच्या आधीच पडलं आणि डीजेचा त्यात दोष नाही. अंड्याच्या टरफलासारखं पण ठिसूळ असतं, तर मध्यरात्रीनंतरचं. रवाळ आणि फुग्यासारखं म्हणजे बहुधा आठ-नऊचा सुमार. घाबरलेल्या कोंबडीने ते वेळेआधी टाकून दिलं, तेही काठीवर बसल्या बसल्या. अंडं पिकलेलं असतं तर ती डब्यात गेली असती, जागा शोधत फिरली असती, ओरडली असती. काठीखाली सापडलेलं मऊ अंडं म्हणजे अवेळी सुटलेलं अंडं, असं साधारण धरून चाला.

दुसऱ्या कोंबडीचं उलटं झालं. काही कोंबड्या घाबरल्या की अंडं टाकतात, काही अडवून धरतात. हिने दहाचं अंडं दोनपर्यंत धरलं. आता त्या पांढऱ्या भुकटीकडे नीट बघा. ती तपकिरी रंगाच्या वर आहे, खाली नाही. तपकिरी रंगाचा बराचसा भाग शेवटच्या काही तासांत चढतो आणि त्यावर अगदी शेवटी एक पातळ लुकण येतं. म्हणजे रंगापर्यंत सगळं वेळेवर झालं होतं, अंडं निघायला तयार होतं. ते थांबून राहिलं आणि पिशवीने आपलं काम चालूच ठेवलं, तो वरचा जादा चुना भुकटी होऊन बसला. बोटाने घासलंत तर निघेल आणि खाली नेहमीचं तपकिरी कवच दिसेल. हे अंडं खायला काही हरकत नाही. उलट एखादं अंडं भुकटीशिवाय पण नेहमीपेक्षा फिकं आलं, तर ते तास-दोन तास आधी निघालं असं समजावं, रंगारी पोचायच्या आत.

त्या शेवटच्या लुकणाचं एक वाक्य इथेच लिहितो, कारण घरोघरी त्याचा घोळ होतो. कवचाला हजारो छिद्रं असतात, सात-आठ हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत. त्यांतून पिल्लाला हवा मिळते. लुकण त्यांची तोंडं बुजवतं, म्हणजे हवा जाते पण घाण आणि जंतू अडतात. आपण अंडी आणली की नळाखाली चोळून धुतो आणि तशीच ठेवून देतो. त्याने ते लुकण निघून जातं आणि ओल्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. विष्ठा लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि धुवायचं असेल तर फोडायच्या आधी धुवा.

नजरेचा आणि आवाजाचा निकाल लागला. पण ताई, तुमच्या पत्रातली मला जास्त खटकलेली गोष्ट वेगळी आहे. महिनाभर चौघींचंच कवच पातळ. ते एका हळदीचं काम नाही, ते खाण्याचं आहे, आणि हिशेब तुमच्याच आकड्यांतून निघतो.

एका कवचात दोन ग्रॅमच्या जरा वर कॅल्शियम असतं. कोंबडीच्या रक्तात एका वेळी फिरतं ते पंचवीस-तीस मिलिग्रॅमच. म्हणजे कवच चढत असताना रक्तातला सगळा साठा दर दहा-बारा मिनिटांनी संपतो आणि पुन्हा भरावा लागतो, रात्रभर. तो भरतो दोन ठिकाणांहून. एक म्हणजे आतड्यातलं खाणं, आणि दुसरं म्हणजे हाडं. अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या लांब हाडांच्या पोकळीत खास याच कामासाठी जाळीदार हाड तयार होतं, दिवसा भरायचं आणि रात्री काढायचं, बँकेतल्या चालू खात्यासारखं.

एक कोंबडी दिवसाला साधारण 115 ग्रॅम खाते. पूर्ण लेअर फीड असेल तर त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे चार ग्रॅमच्या आसपास पोटात जातं. त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त अंगी लागतं. दोन ग्रॅम सुटले, कवचाचे दोन ग्रॅम भागले, हिशेब जुळला. तुम्ही निम्मं फीड देता, म्हणजे पोटात दोन ग्रॅम. उरलेल्या 57-58 ग्रॅम कणीत कॅल्शियम नावालाच असतं. अंगी लागतं ग्रॅमभर. उरलेला ग्रॅम रोज रात्री हाडांतून निघतो. सुरुवातीला कोंबडी तो निभावून नेते, कवच थोडं पातळ करून निभावते. महिन्यानंतर तुमच्या हाताला ते जाणवायला लागलं. असंच चालू राहिलं तर पाय लटपटतात, कोंबडी काठीवर चढायचं टाळते, आणि शेवटी धरायला गेलं तर हाड मोडतं.

फीड महाग आहे हे मला माहीत आहे, कणी बंद करा असं मी म्हणणार नाही. पण खाण्यातलं कणीचं प्रमाण निम्म्यावरून पाचवा भाग करता आलं तर बघा. प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कणीने पातळ होतात, आणि नुसतं कॅल्शियम वाढवून ती भरून निघत नाहीत. आणि कॅल्शियमसाठी गोळ्या आणायला मालाडला जाऊ नका, तुम्ही कोळीवाड्यात राहता! कालवं आणि तिसऱ्या सोलल्यावर जी टरफलं फेकता, तीच जगभर कोंबड्यांना घालतात. टरफलं गोड्या पाण्यात दोनदा धुवा म्हणजे मीठ आणि मांसाचे तुकडे जातील, उकळा, उन्हात कडकडीत वाळवा आणि वरवंट्याने फोडा. पूड करू नका. मोठ्या रव्यापासून गव्हाच्या दाण्यापर्यंतचे तुकडे ठेवा. एका कोंबडीला दिवसाला चहाचा चमचाभर, म्हणजे पाचेक ग्रॅम, पुरे. शिंपल्यात कॅल्शियम वजनाच्या अडतीस टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे पाच ग्रॅमात जवळपास दोन ग्रॅम मिळाले, नेमके तुम्हाला कमी पडणारे.

पूड का नको आणि तुकडे का, यात सगळी गंमत आहे. मीही नोकरीच्या सुरुवातीला हे चुकलो होतो. एका शेतकऱ्याला शिंपल्याची बारीक पूड सकाळच्या खाद्यात मिसळायला सांगितली, आणि महिनाभराने त्याने माझ्यासमोर अंडं चिमटीत दाबून फोडून दाखवलं. पूड दुपारपर्यंत पोटातून निघून गेलेली असते. कवच चढतं रात्री, तेव्हा कोंबडी काठीवर झोपलेली, खाणं बंद. मोठे तुकडे मात्र पेटीत, म्हणजे चिकन सोलताना खडे निघतात त्या दगडी पोटात, अडकून राहतात आणि आम्लात हळूहळू रात्रभर विरघळतात. म्हणून शिंपल्या संध्याकाळी चार-पाचला द्यायच्या, आणि खाद्यात न मिसळता वेगळ्या वाटीत. जिला त्या रात्री कवच करायचंय ती कोंबडी संध्याकाळी आपणहून वाटीकडे जाते. जिचं अंडं नाही ती टोच मारून सोडून देते. ही जाण त्यांना उपजत असते, आपण फक्त वाटी ठेवायची.

दोन सूचना मात्र पाळा. पानाचा चुना घालू नका, तो दाहक असतो, चोच आणि घसा जाळतो. आणि पुढे कधी तलंगा आणल्यात, म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, तर त्यांना लेअर फीड लवकर सुरू करू नका. कवच नाही आणि कॅल्शियम फार, अशा वेळी ते मूत्रपिंडावर येतं. तलंगेची पहिली दोन-चार अंडी मऊ आली तरी घाबरू नका, यंत्र नवीन असतं.

आणखी एक कारण तुमच्याकडे असू शकतं, ते म्हणजे पडवी. कवच म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे, कॅल्शियम कार्बोनेट. त्यातला कार्बोनेटचा भाग कोंबडीच्या रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनतो, तिच्याच श्वासातला. कोंबडीला घाम येत नाही, उकाड्यात ती चोच उघडून धापा टाकते, आणि धापेबरोबर तो वायू जास्त बाहेर जातो. मग कॅल्शियम असूनही कवचाला जोडीदार कमी पडतो. अमेरिकेत उन्हाळ्यात कोंबड्यांना सोडा वॉटर पाजून बघितलंय, कवच सुधारलं. तुम्ही सोड्याच्या बाटल्या आणू नका, घरचे काय म्हणतील! पत्र्याखाली पडवी असेल तर पत्र्यावर ओलं गोणपाट टाका, दुपारी प्यायला गार पाणी ठेवा. आणि सकाळी अर्धा-एक तास त्यांना अंगावर ऊन घ्यायला सोडा, कारण आतड्यातून कॅल्शियम उचलायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हात तयार होतं.

मधूनच एखाद्या दिवशी अंडंच आलं नाही तर ते आजारपण समजू नका. पंचवीस तासांचं अंडं आणि चोवीस तासांचा दिवस यांचा मेळ बसत नाही. अंडं निघाल्यावर साधारण अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो, त्यामुळे आज नऊचं अंडं उद्या दहाच्या पुढे, परवा आणखी उशिरा. असं सरकत सरकत दुपार झाली की बलक सुटण्याचा इशारा देणारी वेळ, जी रात्रीच्या अंधाराशी बांधलेली आहे, टळून जाते. कोंबडी एक दिवस सुट्टी घेते आणि पुन्हा सकाळपासून सुरू करते. दिवस लहान झाले की, डिसेंबरात मुंबईतला उजेड अकरा तासांवर येतो तेव्हा, अशा सुट्ट्या वाढतात.

आता ते सुरकुतलेलं अंडं. चौघींपैकी एकीचं नव्हे तर दोघी-तिघींची अंडी एकदम वेडीवाकडी, सुरकुतलेली यायला लागली, फोडल्यावर पांढरं पाण्यासारखं पसरलं, आणि त्यांना शिंका येत असतील किंवा घशात घरघर ऐकू येत असेल, तर ते खाण्याचं दुखणं नाही. तो कोंबड्यांच्या श्वासनलिकेचा विषाणू असू शकतो, आणि तो अंडनलिकाही बिघडवतो. पांढरं नीट घडलं नाही की पाणी भरल्यावर पापुद्रा घट्ट ताणला जात नाही, आणि ढिल्या कापडावर चढलेलं कवच सुरकुततं. शिंपल्या घालून ते सुधारत नाही. तसंच एखादी कोंबडी पिसं फुलवून शेपटी खाली टाकून उभी राहिली, कुंथतेय पण अंडं येत नाही, तर मऊ अंडं आत अडकलेलं असण्याची शक्यता आहे. कवच नसलं की पिशवीला जोर लावायला टणक काही मिळत नाही, म्हणून मऊ अंडीच जास्त अडकतात. पोट दाबून काढायचा प्रयत्न करू नका, आत फुटलं तर जिवावर येतं. टोपलीत घाला, होडीने वर्सोव्याला उतरा आणि पक्षी बघणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी पोचा. जवळ कोणी नसेल तर परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

यातलं काही नसेल, तर आजपासून संध्याकाळची वाटी सुरू करा आणि अंड्यांवर पेन्सिलने तारीख लिहीत जा. रोजचं कवच नवीन असतं, त्यामुळे फरक आठवडाभरात दिसायला हवा. अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी अंड्याला टेकवून बघा. पातळ कवचातून उजेड ठिगळाठिगळांनी जास्त दिसतो, चांगल्यातून एकसारखा. हाडं भरायला मात्र याहून बराच जास्त वेळ लागेल, म्हणून कवच सुधारलं की वाटी बंद केली, असं करू नका.

ते बिनकवचाचं अंडं अजून फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर मांजरालाही उकडूनच घाला. पापुद्रा शाबूत असला तरी ते रात्रभर विष्ठेत पडलेलं होतं.

आणि लग्नसराई अजून संपलेली नाही. पुढच्या हळदीच्या दिवशी पाचलाच शिंपल्या द्या, सहाच्या आत कोंबड्या खुराड्यात घ्या आणि खुराड्याची गल्लीकडची बाजू गोणपाटाने झाका. हवेला वरून फट ठेवा. जमलं तर त्या रात्रीपुरतं खुराडं उचलून घराच्या मागच्या, खाडीकडच्या बाजूला न्या, पण दिवसाउजेडी न्या. अंधारात नवी जागा दिसली तर त्यानेही त्या तेवढ्याच बिथरतील.